प्रकल्प नोंदी: कुळागराचे चॅनल, आडवे की उभे?

6 एप्रिल 2025, फोंडा

चॅनलचा विषय ठरला आहे, त्यावर वाद नाही. सावईवेऱ्याच्या आमच्या घरच्या कुळागरात ज्या महिन्यात जे काम निघेल ते दाखवायचे: पोफळी, मिरी, जायफळ, केळी, पाटाचे पाणी. भाषा मराठी, कारण हीच कामे सावंतवाडी, दोडामार्गपासून वर रत्नागिरीपर्यंतच्या बागायतदारालाही करावी लागतात. काकांच्या बोलण्यात मधूनमधून कोकणी येणारच, ती कापायची नाही.

वाद आहे तो आकाराचा: उभे छोटे शॉर्ट्स की आडवे मोठे व्हिडिओ. भाचीचे म्हणणे असे की नवीन चॅनलला कोण ओळखतो, शॉर्ट्स टाकले तर यूट्यूब स्वतःहून अनोळखी लोकांपुढे नेऊन ठेवते, मोठा व्हिडिओ टाकून वाट बघत बसावे लागते. तिचे चुकीचे नाही. माझे म्हणणे असे की कुळागरातले कुठलेही काम मिनिटभरात सांगता येत नाही, आणि अर्धवट सांगितले तर कोणाचे तरी औषध फुकट जाईल. काकांनी दोघांचे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काम नीट दिसलं म्हणजे झालं. आडवं दिसो नाहीतर उभं." कॅमेऱ्यासमोर तेच राहणार असल्यामुळे त्यांचे मत आम्ही नोंदवून ठेवले आहे.

दोन्ही निम्मे-निम्मे करू, असे कोणी म्हटले नाही हे बरे झाले. आम्ही तिघे, त्यात भाचीचे कॉलेज आणि माझी नोकरी. मिळतो तो रविवार. मुख्य आकार एकच असायला हवा, दुसरा त्याच्या मदतीला.

9 एप्रिल

आज नियम वाचले आणि कागदावर आकडेमोड केली. पैसे हा आमचा पहिला हेतू नाही, पण यूट्यूबने पार्टनर प्रोग्राममधल्या जाहिरातींच्या कमाईसाठी जी दोन दारे ठेवली आहेत त्यांवरून दोन्ही आकारांचा स्वभाव कळतो.

दोन्हीकडे 1000 सबस्क्रायबर लागतात. त्यानंतर एक रस्ता असा: 12 महिन्यांत लोकांनी 4000 तास व्हिडिओ पाहिलेले असणे. दुसरा असा: 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी वैध व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ त्या 4000 तासांत धरत नाहीत, म्हणजे एकाचे दुसऱ्यात जमा होत नाही.

4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. एखाद्याने आमचा व्हिडिओ सरासरी 4 मिनिटे पाहिला असे धरले, तर वर्षाला 60,000 व्ह्यूज, दिवसाला साधारण 165. दुसरीकडे 1 कोटी भागिले 90, म्हणजे दिवसाला 1,11,000 च्या वर, आणि तेही सलग तीन महिने. भाचीने कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन पुन्हा करून पाहिले.

मला यात संख्येपेक्षा मुदत महत्त्वाची वाटते. कुळागर वर्षाच्या चक्रावर चालते. कोळेरोगाची फवारणी पावसाच्या तोंडावर, मिरीची लागवड पाऊस लागला की, सुपारीची काढणी थंडीत. जो माणूस मे महिन्यात फवारणी शोधतो तो डिसेंबरात ती शोधणार नाही. 12 महिन्यांच्या मुदतीत सगळे हंगाम एकदा येऊन जातात. 90 दिवसांच्या मुदतीत एकच येतो, आणि तो संपला की मोजणीतून गळायला लागतो. नाच, विनोद, रस्त्यावरचे खाणे यांना हंगाम नसतो, त्यांचे गणित वेगळे.

वाट्याचेही लिहून ठेवतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतला 55 टक्के हिस्सा चॅनलला मिळतो. शॉर्ट्सच्या मधे दिसणाऱ्या जाहिरातींचा पैसा आधी एकत्र गोळा होतो, व्ह्यूजप्रमाणे वाटला जातो, आणि आपल्या वाट्याला आलेल्यातले 45 टक्के हाती येतात. क्लिपमध्ये एक गाणे वापरले की तिच्या व्ह्यूजमागचा निम्मा पैसा वाटपाआधीच संगीताकडे वळतो. भाचीला गाणी हवी होती. पाटाच्या पाण्याचा आवाज फुकट आहे, असे सांगून विषय संपवला.

20 एप्रिल

भांडत बसण्यापेक्षा पावसाळाभर दोन्ही करून पाहायचे, असे ठरले. पण निकाल कशावर द्यायचा ते आधी लिहून ठेवल्याशिवाय सुरुवात करायची नाही, नाहीतर ज्याला जे आवडते त्याच्या बाजूचा आकडा तो पुढे करणार.

व्ह्यूजची तुलना करायची नाही हे पहिले. गेल्या 31 मार्चपासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजण्याची पद्धत बदलली. क्लिप सुरू झाली किंवा फिरून पहिल्यापासून लागली की एक व्ह्यू. किती वेळ पाहिली याला किमान अटच नाही. अंगठ्याने वर सरकवत जाणाऱ्या माणसापुढून नुसती गेली तरी ती मोजली जाते. जुन्या पद्धतीचा आकडा 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने यूट्यूब स्टुडिओत वेगळा मिळतो, आणि पार्टनर प्रोग्रामची पात्रता नि कमाई त्यावरच ठरते. म्हणून शॉर्ट्सचा बाहेर दिसणारा आकडा आमच्या वहीत येणार नाही.

पाहायच्या गोष्टी तीन. माणूस कुठून आला: शोधून, होमवरून, की शॉर्ट्स फीडमधून. पुन्हा आला का. आणि त्याचा प्रश्न सुटला का, हे कॉमेंटवरून कळेल तेवढे. चौथी गोष्ट आमच्यापुरती: एक व्हिडिओ हातावेगळा करायला रविवारातले किती तास गेले.

आणखी एक ठरवले. मोठा व्हिडिओ आडवा काढून त्याचाच मधला तुकडा उभा कापायचा नाही. तसे केले तर आपण उभ्या आकाराची परीक्षा न घेता त्याची कत्तल करतो. प्रत्येक विषयाला दोन्ही वेगळे चित्रित करायचे.

4 मे, सावईवेरे

पहिला विषय बोर्डो मिश्रण. कुळागर असलेल्या प्रत्येकाला ते पावसाआधी लागते आणि दरवर्षी कोणाचे तरी बिघडते. पावसाळ्यात पोफळीवर कोळेरोग पडला की कोवळी फळे कुजून खाली येतात, झाडाखाली सडा पडतो. तेव्हा फवारून उपयोग नसतो. म्हणून पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी आणि दुसरी साधारण 40 ते 45 दिवसांनी.

आज छोट्या मापाने करून दाखवले: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 10 लिटर पाणी. बागेच्या मापाने हेच 1 किलो, 1 किलो आणि 100 लिटर होते. बादल्या प्लास्टिकच्या, लोखंडाची चालत नाही. निम्म्या पाण्यात मोरचूद विरघळवायचे, उरलेल्या निम्म्यात चुना विझवून, गाळून घ्यायचा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओतत काठीने ढवळत राहायचे. आभाळासारखा निळा रंग आला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे परीक्षा: घासून स्वच्छ केलेले कोयत्याचे पाते मिनिटभर त्यात बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे राहिले आहे, चुना कमी पडला. थोडे चुन्याचे पाणी घालून पुन्हा पाहायचे. तसेच फवारले तर पाने करपतात. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचे.

आता चित्रणाचे. आडव्या चौकटीत दोन्ही बादल्या, काकांचे हात आणि ओतण्याची धार एकत्र मावली. कोणते कशात ओतायचे हाच नेहमीचा घोटाळा, आणि तो एका नजरेत सुटला. उभ्या चौकटीत एक बादली घेतली की दुसरी बाहेर जाते. भाचीने कॅमेरा वर बांधून खाली बघत शॉट घेतला, तरी कुठली बादली कुठली हे सांगायला अक्षरे टाकावी लागली.

पण पाते बुडवण्याचा शॉट उभाच उत्तम आला. उभे पाते, उभी बादली, पात्यावर चढणारा थर संपूर्ण पडदाभर.

दुपारनंतर पाडेली आला. त्याने पोफळीवर चढून, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झोका घेत जाण्याचे आपले नेहमीचे काम केले. तेही भाचीने उभे काढले, आणि पोफळ आडव्या चौकटीत बसतच नाही हे मलाही मान्य करावे लागले. म्हणजे आकाराचा निम्मा निर्णय ज्याचे चित्र काढायचे ती वस्तूच घेते. बादल्या आडव्या, पोफळ उभी.

11 मे

बोर्डोचा मोठा व्हिडिओ आज टाकला, लांबी 11 मिनिटे 40 सेकंद. भाचीचा एक प्रस्ताव होता की हेच सारे नीट आवळून पावणेतीन मिनिटांत बसवू आणि उभे करू. पण 15 ऑक्टोबर 2024 पासून 3 मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट म्हणूनच घेते. आपल्याला निवडता येत नाही. शॉर्ट झाला की स्वतः बनवलेला थंबनेल लावता येत नाही, व्हिडिओतलीच एखादी चौकट निवडावी लागते, आणि वर्णनातली लिंक दाबता येत नाही. आमच्या वर्णनात मापांचा तक्ता आणि फवारणीच्या वेळा आहेत, लोकांनी त्या उघडून वाचाव्यात अशी अपेक्षा आहे. तो प्रस्ताव तिथेच थांबला.

वर्णनात प्रकरणे टाकली. पहिले 0:00 ला हवे, किमान तीन हवीत, आणि प्रत्येक किमान 10 सेकंदांचे:

```
0:00 काय आणि किती लागते
1:20 मोरचूद विरघळवणे
3:05 चुना विझवणे आणि गाळणे
5:10 कोणते कशात ओतायचे
7:00 पात्याची परीक्षा
8:45 बिघडले तर काय करायचे
10:10 फवारणीची वेळ
```

सुरुवातीला 'नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर स्वागत' असे काहीही नाही. काकांच्या पहिल्याच वाक्यात माप येते. शीर्षक लोक बोलतात तसे: 'बोर्डो मिश्रण घरी कसे करायचे (पोफळ, मिरी)'. पाडेलीची 35 सेकंदांची क्लिप आणि बोर्डोची 50 सेकंदांची क्लिप याच आठवड्यात टाकतो.

22 मे

पाऊस! मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात असा पाऊस काकांनाही आठवत नाही. त्यांची मोठी फवारणी गेल्या शनिवार-रविवारी उरकली होती, म्हणून निभावले. शेजारच्या दोघांची राहिली आहे आणि ते उघाडीची वाट बघत आहेत.

स्टुडिओत बोर्डोचा मोठा व्हिडिओ सोमवारपासून एकदम हलला आहे. व्ह्यूज शेकड्यांतच, पण रेघ वर वळली. बहुतेक लोक यूट्यूब सर्चमधून आले.

8 जून

मान्सून केरळात 24 मेलाच आला आणि 26 मेला मुंबईत पोचलाही. म्हणजे आमच्या चाचणीचा हंगाम आवळला गेला. तरी महिनाभराचा हिशेब समोर आहे.

पाडेलीची क्लिप सुसाट गेली. बाहेर दिसणारा आकडा चाळीस हजारांवर, एंगेज्ड व्ह्यूज त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. भाचीने घरभर फोन फिरवला. सबस्क्रायबरही त्याच क्लिपने सर्वांत जास्त दिले. कॉमेंट मात्र हिंदीत, कन्नडमध्ये, मल्याळममध्ये: किती उंची, पडला तर, पगार किती. पोफळ लावणाऱ्या माणसाचा प्रश्न शोधून काढावा लागला. एक सापडला, शिरसीकडचा असावा, त्याने दोर कसला ते विचारले होते.

बोर्डोच्या 50 सेकंदांच्या क्लिपचे काय झाले? पाहणाऱ्यांतले बरेचसे पहिल्या तीन-चार सेकंदांत सरकवून गेले. स्टुडिओत 'पाहिले की सरकवले' असा भाग असतो, त्यात सरकवणारे जास्त. स्वाभाविक आहे, शॉर्ट्स फीडमध्ये बसलेल्या माणसाला या क्षणी मोरचूद नको असते. जे थांबले त्यांनी मात्र पुन्हा पुन्हा लावली, सरासरी पाहणी 100 टक्क्यांच्या वर गेली. आधी वाटले, चांगले लक्षण. मग कॉमेंट वाचले: 'चुना किती?' 'दादा, चुन्याचं माप परत सांगा.' म्हणजे आवडली म्हणून नाही तर कळली नाही म्हणून पुन्हा लावत होते. टक्केवारी एकच, अर्थ उलटा.

मोठा व्हिडिओ सहाशेच्या आसपास. 30 सेकंदांनंतरही टिकलेल्यांचे प्रमाण समाधानकारक आहे. आलेखात दोन ठिकाणी रेघ खाली यायच्या ऐवजी वर उचलली आहे: 5:10 ला, कोणते कशात ओतायचे, आणि 7:00 ला, पाते. तिथे लोक मागे जाऊन पुन्हा पाहत आहेत किंवा प्रकरणावर टिचकी मारून थेट तिथेच येत आहेत. आणि इथले कॉमेंट वेगळे. कुडाळच्या एकाने विचारले की गेल्या वर्षीचा उरलेला चुना भुकटी झालाय, चालेल का. (चालत नाही, हवेने मेलेला चुना तांबे नीट बांधत नाही. कळीचा, दगडासारखा घट्ट असलेलाच घ्यावा. काकांनी उत्तर सांगितले, मी टंकले.)

सर्चमधले शब्द पाहण्यासारखे आहेत. देवनागरीपेक्षा रोमन अक्षरांत टंकणारे जास्त: `bordo mishran kase banvayche`, `supari fawarni`. वर्णनाच्या तळाशी हे दोन्ही घातले.

15 जून

मिरीच्या लागवडीचा मोठा व्हिडिओ टाकला. मुळे फुटलेली रोपे, पोफळीच्या उत्तरेच्या अंगाला लावायची, म्हणजे दक्षिणेकडचे ऊन वेलावर थेट येत नाही. सोबत त्याचाही शॉर्ट. पावसात चित्रण करायचे म्हणजे एकाने छत्री धरायची आणि दुसऱ्याने कॅमेरा, त्यामुळे आज वहिनींनाही कामाला लावले.

29 जून

आज जो आकडा शोधत होतो तो हाती लागला, आणि त्यासाठी ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जावे लागले. प्रश्न असा: पाडेलीच्या क्लिपने आणलेले सबस्क्रायबर मोठे व्हिडिओ पाहतात का? कोणता सबस्क्रायबर कुठल्या क्लिपवरून आला आणि पुढे त्याने काय पाहिले, हे यूट्यूब माणसागणिक सांगत नाही. पण प्रत्येक व्हिडिओचे व्ह्यूज सबस्क्राइब केलेल्यांचे किती आणि न केलेल्यांचे किती, अशी फोड मिळते. बोर्डो टाकला तेव्हा चॅनलला नातेवाईक आणि ओळखीचे धरून मूठभर सबस्क्रायबर होते. मिरी टाकेपर्यंत ते तिपटीहून जास्त झाले होते. तरी पहिल्या आठवड्यात मिरीच्या व्हिडिओला सबस्क्रायबरांकडून आलेले व्ह्यूज जवळपास तेवढेच, जेवढे बोर्डोला मिळाले होते.

भाचीने हे दोनदा तपासले. मग म्हणाली, "मामा, म्हणजे ते लोक आपले नाहीतच. ते त्या झाडावरच्या माणसाचे आहेत."

बाजूलाच दुसरी गोष्ट घडते आहे. बोर्डोची रेघ जूनच्या मध्यात बसली होती, ती या आठवड्यात पुन्हा उठली. कारण उघड आहे: 17-18 मेला ज्यांनी फवारले त्यांचे 40 ते 45 दिवस आता भरत आले, दुसऱ्या फवारणीला माप आठवत नाही, म्हणून पुन्हा शोधत आहेत. त्यांतले काही पहिल्या फेरीत येऊन गेलेले असणार; 'रिटर्निंग व्ह्यूअर्स'ची रेघही त्याच दिवशी वर आहे. पाडेलीची क्लिप मात्र आता आडवी पडली आहे. फीडने तिला दाखवायचे थांबवले, ते पुन्हा सुरू झालेले नाही, आणि तिला कोणी शोधायला जाणार नाही, कारण झोका घेणाऱ्या माणसाला काय म्हणून शोधायचे?

10 ऑगस्ट

मोठ्याचा विजय झाला, असे लिहून मोकळे व्हायला हरकत नव्हती. पण 4 मेचा तो पात्याचा शॉट मनातून जात नव्हता. मोठ्या व्हिडिओत लोक 7:00 ला परत परत जातात. म्हणजे त्यांना त्या क्षणी संपूर्ण कृती नको आहे, एवढेच पाहायचे आहे: पात्यावर चढला तो थर आहे की नाही. बादलीजवळ उभा राहून, ओल्या हाताने, फोन उभा धरून.

म्हणून शॉर्टची कल्पनाच बदलली. सगळी कृती आवळून बसवायची नाही. एकच प्रश्न घ्यायचा, ज्याचे उत्तर क्लिपमध्येच पुरते होते. पात्याची क्लिप अशी केली: पहिल्या सेकंदाला तांबूस पाते आणि त्याच्या शेजारी स्वच्छ पाते, अक्षरे 'चुना कमी' आणि 'बरोबर'. मग पाते बुडवणे, मिनिटभराची वाट कापून दहा सेकंदांत, मग चुन्याचे पाणी घालून दुसरी परीक्षा. 40 सेकंद. 'रिलेटेड व्हिडिओ' म्हणून मोठा व्हिडिओ जोडला. शॉर्टवरून मोठ्याकडे जाण्याचा दाबता येईल असा तेवढाच रस्ता आहे.

हंगाम सरत आल्यामुळे व्ह्यूज बेताचेच आले. सरकवणाऱ्यांचे प्रमाण मेच्या क्लिपहून स्पष्ट कमी आहे, आणि 'माप परत सांगा' असा एकही कॉमेंट नाही. मोठ्याचे व्ह्यूज थोडे हलले, फार नाहीत. पण बाहेरून येणाऱ्यांत व्हॉट्सॲपचे नाव पहिल्यांदा ठळक दिसले. शोधल्यावर कळले, आमच्याच वाड्यावरच्या बागायतदारांच्या ग्रुपवर ती कोणीतरी टाकली होती. 11 मिनिटांचा व्हिडिओ ग्रुपवर कोणी टाकत नाही.

वेळेचा हिशेब, कारण शॉर्ट लवकर होतो असा समज आमच्याकडेही होता. मेमधली बोर्डोची 50 सेकंदांची क्लिप कापायला भाचीला जवळपास मोठ्या व्हिडिओच्या संपादनाएवढाच वेळ लागला, कारण प्रत्येक वाक्य आवळावे लागले. पात्याची क्लिप तासाभरात झाली. क्लिप लहान आहे की मोठी यापेक्षा तिच्यात प्रश्न किती आहेत यावर वेळ ठरतो.

31 ऑगस्ट

चतुर्थी, माटोळी, पाहुणे. 27 तारखेपासून कोणी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. भाचीने माटोळीची एक उभी क्लिप काढली, चांगली आहे, पण चॅनलवर टाकली नाही. पाडेलीसारखेच होईल म्हणाली. मी आग्रह केला नाही.

28 सप्टेंबर

निर्णय लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या मेमध्ये पुन्हा वाद नको.

मुख्य आकार मोठा, आडवा, 8 ते 14 मिनिटांचा. एक काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रकरणांसह. महिन्याला दोन पुरेत. प्रत्येक व्हिडिओ हंगामाच्या तीन ते चार आठवडे आधी टाकलेला असावा. बोर्डोला यंदा अकरा दिवसच मिळाले, पावसाने घाई केली; तरी तो आधी होता म्हणून सापडला.

शॉर्ट फक्त दोन कारणांनी. मोठ्या व्हिडिओच्या आलेखात जिथे रेघ वर उचलते, म्हणजे लोक मागे येतात, त्या एका क्षणासाठी. आणि तो आधी तयार करायचा नाही, मोठ्याचा महिनाभराचा आलेख पाहिल्यावरच. किंवा वस्तूच उभी असेल तर: पोफळीवरची फवारणी, मिरीचा वेल बांधणे. पण त्यातही कामाचा माणूस थांबेल असा प्रश्न पहिल्या दोन सेकंदांत दिसला पाहिजे. नुसती कसरत नको.

हे आमच्यासारख्या चॅनलपुरते खरे आहे, जिथे प्रेक्षक अडचण घेऊन शोधत येतो. भाचीची मैत्रीण म्हापशाच्या बाजारातल्या चेहऱ्यांच्या क्लिप करते. तिचा प्रेक्षक काहीच शोधत नसतो, आणि तिला मोठा व्हिडिओ करायला सांगणे म्हणजे तिचे चॅनल बंद पाडणे.

निर्णय कशाने बदलेल तेही लिहितो. पुढच्या एप्रिल-मेमध्ये बोर्डोचा जुना व्हिडिओ नव्याने काही न करता पुन्हा उठला नाही, तर शोधून येणारा प्रेक्षक आहे हे माझे गृहीतच ढासळते. मग भाचीचे ऐकायचे.

काका म्हणाले, "उठेल. चुन्याचं माप कोणाच्या लक्षात राहात नाही. माझ्यासुद्धा."

12 ऑक्टोबर, सावईवेरे

काढणीची तयारी सुरू आहे. पुढचा मोठा विषय सुपारी वाळवणे आणि सोलणे. सोलण्याचा शॉट बसून, आडवा. अंगणात पसरलेली सुपारी आडवी. घड उतरवणे उभे. या वेळी एकाच रविवारी तिन्ही काढायचे म्हणून दोन फोन आणि दुसरा ट्रायपॉड लागेल, तो भाची फोंड्याहून आणते आहे.

वाळवणाला उन्हात 40 ते 45 दिवस लागतात, त्यामुळे व्हिडिओ एका दिवसात होणारच नाही. आजपासून रोज सकाळी त्याच जागेवरून एक आडवा शॉट, वहिनी घेतील. उरलेले चित्रण पुढच्या रविवारपासून.